ठराव एकीकडे, कामांची यादी दुसरीकडे: समितीच्या सभेचं इतिवृत्त

प्रश्न: "गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीचा मी सचिव आहे. सभेत जे जे बोलणं होते ते सगळं रजिस्टरात लिहितो, सह्या पण घेतो. तरी पुढच्या सभेत अर्धी कामं झालेली नसतात आणि जो तो म्हणतो, ते माझ्याकडे नव्हतंच. मागच्या वर्षी बेलकटाई अशीच मागे पडली. निर्णय काय, करायचं कोणी आणि कधीपर्यंत, हे वेगवेगळं कसं लिहावं?"

भाऊ, तुम्ही लिहिता कमी म्हणून हे होत नाही. तुमच्या रजिस्टरात चर्चा, ठराव, काम आणि तारीख हे सगळं एकाच परिच्छेदात आणि एकाच सुरात येत असणार. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडच्या समित्यांची रजिस्टरं मी बरीच वर्षं पाहत आले आहे. बहुतेक ठिकाणी पानंच्या पानं भरलेली असतात, पण एखाद्या सदस्याने विचारलं की "माझ्याकडे नेमकं काय आहे?" तर बोट ठेवून दाखवता येत नाही.

ठराव आणि काम वेगळं लिहायचं कारण असं की दोघांचं आयुष्य वेगळं असतं. ठराव वर्षानुवर्षं राहतो. बँक तो मागते, लेखापरीक्षक तो वाचतो, कंत्राटदाराशी वाद झाला तर तोच पुढे करावा लागतो. काम मात्र झालं की संपलं. आणि कामाची तारीख तर सगळ्यात कच्ची असते. पाऊस आला, लग्नसराई आली, बँकेत लिंक नव्हती, की ती पुढे जाते. ही कच्ची तारीख तुम्ही ठरावाच्या मजकुरात घातली, तर ती पुढे जाताना ठरावातच खाडाखोड करावी लागते. मग सचिव काय करतो, तारीखच घालत नाही. "लवकरात लवकर" लिहून मोकळा होतो. कामं मागे पडायला सुरुवात तिथूनच होते.

लिहायला बसण्याआधी प्रत्येक विषयाला एक गोष्ट बघा: हा निर्णय घ्यायचा अधिकार समितीला आहे की ग्रामसभेला? तुमची समिती २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांखाली ग्रामसभेने नेमलेली आहे. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वाहतूक परवाने देणं, वनोपज विकून आलेल्या पैशाचा वापर आणि व्यवस्थापन आराखड्यातले बदल, याबाबतच्या समितीच्या निर्णयांना ग्रामसभेची मान्यता लागते. म्हणून पैसे खर्च करायची गोष्ट असेल तर समितीच्या रजिस्टरात नुसतं "मंजूर" लिहू नका. "ग्रामसभेकडे शिफारस" असं लिहा आणि ती ग्रामसभेपुढे नेणं हे वेगळं काम म्हणून यादीत घाला. ग्रामसभेची गणपूर्तीही वेगळी मोजली जाते. वनहक्क नियमांत ती किमान निम्म्या सभासदांची आहे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. समितीच्या सभेला सात जण होते म्हणून तो ग्रामसभेचा ठराव होत नाही.

आता तुमचाच बेलकटाईचा विषय घेऊ. त्यावर बहुतेक रजिस्टरांत साधारण असं सापडतं:

"विषय क्र. ३. तेंदूपत्ता हंगामाबाबत. सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन बेलकटाई वेळेत करण्यात यावी, फळीची जागा साफ करण्यात यावी, तसेच मागील हंगामातील कंत्राटदाराकडून थकीत रक्कम मागण्यात यावी असे सर्वानुमते ठरले."

खाली सूचक, अनुमोदक आणि सह्या. कागद म्हणून यात काही खोट नाही. पण "करण्यात यावी" मध्ये करणारा माणूस कुठेच नाही, आणि "वेळेत" म्हणजे कधी, हे ज्याने त्याने आपापल्या मनाशी ठरवलं. बेलकटाईला, म्हणजे कोणी खुटकटाई म्हणतात तिला, हा मोघमपणा चालत नाही. तेंदूची झुडपं छाटल्यावर तोडण्याजोगा कोवळा पाला यायला साधारण दीड महिना लागतो. आपल्याकडे तोड मेच्या पहिल्या आठवड्यात धरतात. तिथून मागे मोजलं की छाटणी मार्चच्या मध्यापर्यंत उरकायलाच हवी. ती एप्रिलवर गेली की पाला उशिरा येतो, तोड पुढे सरकते, आणि फळीवर वाळत घातलेले पुडे अवकाळी पावसात सापडायची भीती वाढते. म्हणजे या कामाची शेवटची तारीख समितीच्या सोयीने ठरत नाही, झाडाने ती आधीच ठरवून ठेवलेली असते. सचिवाचं काम ती उलटी मोजून कागदावर आणण्याचं.

समजा सभा ८ फेब्रुवारीला आहे. तीच चर्चा मी अशी लिहीन. आधी फक्त ठराव:

"ठराव ३/१. यंदाची बेलकटाई गावातील मजुरांकडून करून घ्यावी व ती १५ मार्चपर्यंत पूर्ण व्हावी. मजुरीचा दर व एकूण खर्च यांस ग्रामसभेची मान्यता घेण्याची शिफारस. सर्वानुमते.

ठराव ३/२. मागील हंगामाची थकीत रक्कम पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत भरावी असे कंत्राटदारास लेखी कळवावे. रक्कम जमा होईपर्यंत त्याचा नवीन अर्ज विचारात घेऊ नये, अशी ग्रामसभेकडे शिफारस. सहा बाजूने, एक विरोधात."

इथे थांबा. ठराव एवढाच. फळीची जागा साफ करणं यात आलं नाही, कारण त्यावर ठरवण्यासारखं काही नव्हतं. फळी दरवर्षीच्याच जागी लागते, साफसफाई हे नुसतं काम आहे. त्याला ठराव क्रमांक दिला की रजिस्टर फुगतं आणि खरे ठराव त्यात हरवतात. "सर्वानुमते" सुद्धा खरंच सगळ्यांचं मत असेल तरच लिहा. एकाचा विरोध होता तर एकाचा विरोध लिहा. त्याने कारण सांगितलं असेल तर एका ओळीत तेही लिहा. असा सदस्य पुढे "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणत भांडत नाही, कारण त्याचं म्हणणं कागदावर आलेलं असतं.

मग त्याच सभेच्या शेवटी, वेगळ्या पानावर, कामांची यादी:

"काम १ (ठराव ३/१). टोल्यानुसार मजुरांची यादी व छाटणीचे भाग ठरवणे. जबाबदारी: वरच्या टोल्याच्या सदस्या. १५ फेब्रुवारी. झाल्याची खूण: यादी सचिवाकडे जमा.

काम २ (ठराव ३/१). दर व खर्चाचा विषय ग्रामसभेच्या नोटिशीत घेणे. जबाबदारी: सचिव. १० फेब्रुवारी. खूण: नोटिशीची प्रत फाइलला.

काम ३ (ठराव ३/१). छाटणी सुरू करून देणे व रोजची हजेरी ठेवणे. जबाबदारी: उपाध्यक्ष, मदतीला दोन सदस्य. सुरुवात २२ फेब्रुवारी, निम्मे क्षेत्र ४ मार्च, पूर्ण १५ मार्च. खूण: मजुरांच्या सह्यांचे हजेरीपत्रक.

काम ४ (ठराव ३/२). कंत्राटदारास पत्र देणे. जबाबदारी: अध्यक्ष. १२ फेब्रुवारी. खूण: पत्राची पोच.

काम ५ (ठराव नाही). फळीची जागा साफ करणे. जबाबदारी: खालच्या टोल्याचे एक सदस्य. २० एप्रिल. खूण: सचिवाने जागा पाहणे."

मी इथे पदं लिहिली आहेत. तुमच्या रजिस्टरात पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. एका गावात एकाच आडनावाची निम्मी घरं असतात आणि नुसत्या आडनावावर काम टाकलं की ते कोणाचंच राहत नाही. जबाबदार माणूस एकच लिहा, मदतीला किती का असेनात. "समितीने", "सर्व सदस्यांनी", "अध्यक्ष व सचिव यांनी" असं लिहिलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

दोन तारखा मी ठरावातच ठेवल्या, १५ मार्च आणि पंधरा दिवसांची मुदत. बाकीच्या सगळ्या यादीत नेल्या. कुठली तारीख कुठे लिहायची हे ठरवताना मी एकच विचारते: ही तारीख बदलायची झाली तर पुन्हा सभेला विचारावं लागेल का? १५ मार्च हलली तर हंगामच हलतो, तेव्हा विचारावं लागेल. कंत्राटदाराला दिलेली मुदतही अध्यक्ष आपल्या मनाने वाढवू शकत नाही. म्हणून या दोन ठरावात. मजुरांची यादी १५ च्या ऐवजी १७ फेब्रुवारीला आली तर मात्र सभा बोलवायची गरज नाही, यादीत नवी तारीख लिहिली की झालं.

काम ३ मध्ये मधली तारीख का घातली तेही सांगते. तीन आठवड्यांच्या कामाला एकच शेवटची तारीख दिली की सगळे त्या तारखेलाच जागे होतात, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. निम्मं क्षेत्र ४ मार्चला झालं नाही, तर अजून अकरा दिवस आहेत, आणखी मजूर लावता येतात. तारखेच्या शेजारी बाजाराचा वार लिहायची सवयही चांगली. "४ मार्च" पुष्कळांच्या लक्षात राहत नाही, "होळीआधीचा बाजार" राहतो. कागदावर मात्र दोन्ही हवेत, कारण बाजार कुठला यावर पुन्हा वाद होतो.

"झाल्याची खूण" हा रकाना अनेकांना जास्तीचा वाटतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त भांडणं तोच वाचवतो. "पत्र दिलं" म्हणजे काय? फोनवर सांगितलं, कंत्राटदाराच्या मुन्शीच्या हातात दिलं, की पोच घेतली? कंत्राटदार उद्या म्हणाला की मला पत्र मिळालंच नाही, तर पंधरा दिवस कधीपासून मोजणार? खूण आधीच ठरलेली असली की काम झालं की नाही यावर मत द्यायची वेळच येत नाही. पोच फाइलला आहे किंवा नाही, एवढंच बघायचं.

आता हे सगळं सभेत जमवायचं कसं. तुम्ही सगळं बोलणं लिहिता म्हणालात, ते कच्च्या वहीत लिहा. पक्क्या रजिस्टरात चर्चा दोन-तीन ओळींपुरती पुरे. ज्या मुद्द्यामुळे निर्णय इकडचा तिकडे झाला असता तेवढाच मुद्दा घ्यायचा. एक विषय संपला की पुढच्या विषयावर जाऊ देऊ नका. "थांबा, लिहिलेलं वाचतो," म्हणा आणि ठराव मोठ्याने वाचा. तुमच्याकडे बोलणं गोंडीत, नाहीतर छत्तीसगढीत होत असेल आणि रजिस्टर मराठीत असेल, तर वाचून झाल्यावर गोंडीत सांगाच. बोलण्यात जी अट होती ती मराठी वाक्यात आलीच नाही, हे मी अनेकदा तिथेच, सांगताना, उघड होताना पाहिलं आहे. बाया मागे बसलेल्या असतात आणि मराठी वाचन ऐकून गप्प राहतात. गोंडीत सांगितलं की लगेच कोणीतरी म्हणते, "असं नव्हतं ठरलं."

मग ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे वळा आणि तारीख त्यालाच विचारा. अध्यक्षांनी लादलेली तारीख आणि माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली तारीख यांत फार फरक पडतो. तो म्हणेल, "वीस तारखेपर्यंत नाही जमत, पोरीचं लग्न आहे." ते तिथेच कळलेलं बरं. गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकू नका. टाकावंच लागलं, तर त्याला कळवणं हे हजर असलेल्या एकाचं काम म्हणून यादीत लिहा आणि त्याचा होकार येईपर्यंत जबाबदारी कळवणाऱ्याकडेच ठेवा. "माझ्याकडे नव्हतंच" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण खोटं बोलत नसतात. त्या दिवशी ते सभेलाच नव्हते आणि त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

सह्यांबद्दल थोडं कडक बोलते. सभेच्या सुरुवातीला कोऱ्या पानावर सह्या घ्यायच्या आणि मजकूर घरी जाऊन सावकाश लिहायचा, ही पद्धत बंद करा. तुमचा हेतू कितीही साफ असला तरी त्या कागदाला उद्या कोणीही आव्हान देऊ शकतो आणि तेव्हा सापडाल तुम्हीच. हजेरीच्या सह्या सुरुवातीला वेगळ्या घ्या, वर "हजेरी" असं स्पष्ट लिहून. ठराव आणि कामांची यादी लोक उठायच्या आधी रजिस्टरात उतरवा. सगळं नाही जमलं, तर निदान ठराव आणि यादी तरी. चर्चेच्या ओळींसाठी वर जागा सोडू नका, "चर्चेचा गोषवारा" म्हणून त्या खाली आल्या तरी चालतात. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा आणि तिच्या खाली अध्यक्ष व सचिवाची सही, तारखेसकट. पानांना आधीपासून क्रमांक असू द्या. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा, खोडून वर लिहू नका.

पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय असतोच. त्याच्या लगेच नंतर कामांची यादी घ्या, नव्या विषयांच्या आधी. शेवटी ठेवली तर तोवर निम्मे लोक उठलेले असतात. प्रत्येक कामापुढे तीनच शब्द चालतील: झालं, चालू, झालं नाही. "प्रयत्न सुरू आहेत" हे लिहू नका. झालं नसेल तर जुनी तारीख तशीच ठेवून तिच्या शेजारी नवी लिहा. जुनी खोडली की काम किती वेळा पुढे गेलं ते दिसतच नाही. एखादं काम दोनदा पुढे गेलं की मी ते यादीतून काढून पुन्हा सभेपुढे विषय म्हणून ठेवायला सांगते. मग बहुतेक वेळा कळतं की त्या माणसाला ते जमण्यासारखंच नव्हतं, किंवा त्यासाठी पैशाचा ठराव लागत होता आणि तो झालाच नव्हता.

यादी कुठे ठेवायची हे गावावर आहे. वेगळी वही सोयीची, कारण ती हातात घेऊन फिरता येते आणि ठरावाचं रजिस्टर कुलपात राहतं. तुमच्याकडे मोबाइलला रेंज असेल तर पानाचा फोटो ग्रुपवर टाका. नसेल तर एक प्रत गोटूलच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर लावा. समिती चार-पाच जणांची असेल आणि रोज भेट होत असेल, तर खुणेचा रकाना फक्त पैशाच्या आणि पत्रव्यवहाराच्या कामांना ठेवला तरी भागतं. एखाद्या खात्याने इतिवृत्ताचा ठरीव नमुना दिला असेल तर त्याच्याशी झगडू नका. तो भरा आणि यादी खाली जोडा.

आणि तुमचं जुनं रजिस्टर नव्या पद्धतीने पुन्हा लिहायला घेऊ नका, त्याला हात लावायचाच नाही. गेल्या वर्षभराचे ठराव एकदा वाचून काढा, जे काम अजून झालेलं नाही ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर ठराव क्रमांकासह उतरवा, आणि नाव व तारखेचे रकाने कोरे ठेवून तेच पान येत्या सभेत पहिला विषय म्हणून मांडा. काही कामं तेव्हाच "आता गरज नाही" म्हणून रद्द होतील, तेही सभेच्या नावाने लिहा. उरलेल्यांना नाव आणि तारीख त्याच बैठकीत मिळेल.